चार्जर अर्ध्या तासात थांबतो, पडद्यावर GROUND FAULT : अर्थिंग की लीकेज?

सांजवारा
घरी भिंतीवर बसवलेला ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर आहे. डीबीपासून, म्हणजे घरात वीज वाटणाऱ्या पेटीपासून, चार्जरपर्यंत साधारण ३० मीटर वायर, ६ चौरस मिमी तांब्याची. अर्थिंग आमचं स्वतःचं, चार्जरसाठी वेगळा खड्डा घेतलेला.

पहिले काही महिने कसलाच त्रास नव्हता. आता संध्याकाळी गाडी लावली की पंचवीस-तीस मिनिटं छान चार्ज होते, मग लाल दिवा आणि पडद्यावर GROUND FAULT. प्लग काढून परत लावला की लगेच सुरू होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपारी लावली तर बहुतेक वेळा शेवटपर्यंत जाते.

वायरमनने अर्थिंगवर संशय घेऊन खड्डा नव्याने भरला, नवीन इलेक्ट्रोड घातला. फरक शून्य. चार्जर विकणाऱ्यांचं म्हणणं, गाडीत लीकेज आहे. गाडीवाले म्हणतात, तुमच्या घराची अर्थिंग बघा. कुणाचं खरं धरायचं आणि ते तपासायचं कसं?

बंडूतात्या
अर्थिंगच आहे हो. नवीन खड्डा केला म्हणजे अर्थ लागला असं होत नाही. ओम किती आले ते विचारलंत का? पाणी घाला, मीठ-कोळसा पुन्हा भरा. मेसेजच ग्राउंड फॉल्टचा आहे, तर दोष दुसरीकडे कशाला शोधायचा?

केतकीपान
आमच्याकडेही डिट्टो! पॉवरकट असताना जनरेटरवर गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर लावते, तर लावल्या लावल्या अर्थ फॉल्ट. एक सेकंदही चार्ज होत नाही. अर्थिंग तर उत्तम आहे, घरातल्या लाइनवर तोच चार्जर व्यवस्थित चालतो. धाग्यात उत्तर मिळालं तर माझंही काम होईल.

फेजन्यूट्रल
सांजवारा, काही सांगण्याआधी तीन प्रश्न.

एक, थांबतं तेव्हा डीबीतल्या आरसीसीबीचा, म्हणजे गळती दिसताच लाइन तोडणाऱ्या स्विचचा, खटका पडतो की वरच राहतो? दोन, चार्जरच्या सेटिंगमध्ये करंट ३२ वरून १६ केला तर काय होतं? तीन, चार्जरसोबत आलेल्या बसवणीच्या पत्रकात न्यूट्रल आणि अर्थमधल्या व्होल्टेजबद्दल काही लिहिलंय का?

केतकीपान, तुमचा मामला वेगळा आहे. चालू होऊन थांबणं आणि पहिल्याच क्षणी नकार देणं यांची कारणं क्वचितच एक निघतात. लहान जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेला नसतो, तरंगता असतो. चार्जर आधी फेज ते अर्थ हा रस्ता आहे का ते चाचपतो, तो सापडत नाही, म्हणून नाही म्हणतो. तो जोड जनरेटरपाशी द्यावा लागतो आणि ते काम जाणकारानेच करायचं. प्लगमध्ये तार घालून अजिबात नाही.

झुळूक
मला वाटतं चार्जर विकणारे बरोबर आहेत. चार्जिंगला अर्धा तास झाला की बॅटरी गरम होते, गाडीतला कूलिंगचा पंप वगैरे सुरू होतो. कूलंट कुठेतरी झिरपत असेल आणि बॅटरीचा करंट बॉडीत उतरत असेल. मेसेज अर्ध्या तासानेच का येतो हे त्यातून नीट समजतं. सर्व्हिस सेंटरला इन्सुलेशन तपासायला सांगा.

सांजवारा
फेजन्यूट्रल, उत्तरं देते. खटका पडत नाही. घरातलं बाकी सगळं चालू राहतं, चार्जरचाही पडदा चालूच असतो, फक्त चार्जिंग थांबतं. १६ अँपिअरवर काल रात्रभर लावली, सकाळी पूर्ण चार्ज, एकदाही मेसेज नाही. हे आधी करून बघितलंच नव्हतं.

पत्रक शोधून काढलं. त्यात आहे: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १० व्होल्टपेक्षा जास्त असल्यास चार्जर थांबेल. संदेशांच्या यादीत मात्र GROUND FAULT समोर दोन कारणं एकत्रच दिलीत, 'अर्थ नीट नाही किंवा गळती'.

फेजन्यूट्रल
१६ वर रात्रभर चालली, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे.

लीकेजचं बघा. गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये लाइनवरचा विद्युत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांची एक बाजू अर्थवर. १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला साधारण ०.७ मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडतो. असे दोन-तीन मिळून दीड-दोन मिलिअँपिअर सहज होतात आणि त्यात बिघाड काही नाही. मुद्दा असा की ही गळती व्होल्टेजवर ठरते. गाडी १६ अँपिअर ओढते की ३२, तिला फरक पडत नाही. प्लगमध्ये ओल असेल किंवा केबलचं इन्सुलेशन गेलं असेल तरी तसंच, १६ वरही चार्जर पडायला हवा होता. तुमचा पडत नाही.

झुळूक, तुमचा तर्क सरळ आहे, पण एक गोष्ट त्याच्या आड येते. बहुतेक गाड्यांमध्ये आतल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे बॅटरीकडची बाजू घरच्या लाइनपासून विद्युतदृष्ट्या तुटलेली असते. बॅटरीचा करंट बॉडीत उतरला तर गाडी स्वतःच इन्सुलेशनचा इशारा देते. भिंतीवरच्या चार्जरला ते सहसा दिसत नाही. बिनट्रान्सफॉर्मरच्या गाड्याही आहेत, त्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं लागू पडेल.

करंट वाढला की वाढतं आणि वेळ गेला की आणखी वाढतं, असं इथे काय असू शकतं? तारेवर पडणारं व्होल्टेज. त्यातही न्यूट्रलवर पडणारं.

बंडूतात्या
म्हणजे अर्थिंगचा संबंधच नाही? मग मेसेजमध्ये ग्राउंड कशाला लिहिलंय? आणि न्यूट्रल-अर्थमध्ये व्होल्टेज येतंय म्हणजेच अर्थ कच्चा, हे तर कुठलाही वायरमन सांगेल.

फेजन्यूट्रल
सांगतात खरे. तात्या, आकडे घालून बघू. अर्थच्या तारेतून जाणारी गळती २ मिलिअँपिअर धरा. खड्डा अगदी वाईट, १०० ओमचा धरा. गुणाकार किती आला? ०.२ व्होल्ट. म्हणजे इतका कच्चा खड्डासुद्धा अर्थचं टोक जमिनीपासून पाव व्होल्टही हलवत नाही. चार्जरला १० व्होल्ट दिसत असतील तर ते अर्थकडून आलेले असणं कठीण आहे.

उलट न्यूट्रलमधून पूर्ण ३२ अँपिअर परत जातात. तिथे पाव ओम जरी असला तरी ८ व्होल्ट उभे राहतात. चार्जरकडे मोजायला दोनच टोकं आहेत, न्यूट्रल आणि अर्थ. त्यांच्यातलं अंतर वाढलं की तो अर्थवर बोट ठेवतो, कारण बनवणाऱ्याने संदेश तसा लिहिलाय. हललं कोण, हे त्याला कळत नाही.

तुमचं एक बरोबर आहे. काही चार्जर अर्थमध्ये छोटासा करंट सोडून तिचा रोध मोजतात, तिथे कच्चा खड्डा नक्की नडतो. पण तो सकाळ-संध्याकाळ, १६ वर आणि ३२ वर, सारखाच नडेल.

अर्धाकप
एवढं कशाला? आमच्या वायरमनने चार्जरच्या आतच न्यूट्रल आणि अर्थला एक तुकडा जोडून दिला. मेसेज गायब. वर्ष होत आलं, मस्त चाललंय. अॅपमध्ये अर्थ चेक बंद करायचा पर्यायही असतो काही कंपन्यांचा.

फेजन्यूट्रल
अर्धाकप, तो तुकडा आजच काढून घ्या. हे जरा जोरात सांगतोय, राग नसावा.

आता न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या तारेतून परत जातोय. मागे आरसीसीबी असता तर त्याने पहिल्या मिनिटाला खटका टाकला असता. तुमच्याकडे पडत नाही, म्हणजे त्या लाइनवर आरसीसीबी नाहीच किंवा बंद पडलाय. त्यात उद्या मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला तर गाडी ओढू पाहत असलेला सगळा करंट त्या तुकड्यातून अर्थवर येईल आणि गाडीची बॉडी जमिनीच्या तुलनेत जिवंत होईल. बाहेर उभं राहून दार उघडणाऱ्याला शॉक बसेल. चार्जर जो दोष सांगत होता तो तसाच आहे, सांगणारा तेवढा गप्प झालाय.

अर्धाकप
आरसीसीबी आहे की नाही ते बघावं लागेल. डीबीत टेस्टचं बटण असलेलं काहीतरी आहे, पण ते चार्जरच्या लाइनवर आहे का माहीत नाही. बघतो.

सांजवारा
मग मी मोजून काय घेऊ? टोंग टेस्टर वायरमनकडे आहे.

फेजन्यूट्रल
मोजमाप वायरमनच्याच हातून, कारण चार्जरचं झाकण उघडून चालू लाइनवर करायचंय. दोनच गोष्टी.

पहिली गळती. साधा टोंग टेस्टर उपयोगाचा नाही, तो अँपिअर मोजतो आणि ०.०० दाखवेल. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प लागेल. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र जबड्यात घ्यायच्या, अर्थची तार बाहेर. गेलेला आणि परत आलेला करंट एकमेकांना छेद देतात, उरतो तो गळणारा. ३२ वर आणि १६ वर, दोन्हीकडे बघा.

दुसरी, चार्जरच्या इनपुट टर्मिनलवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज. गाडी लावण्याआधी, लावल्या लावल्या आणि मग चार्जर थांबेपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा.

गाडी नसतानाच ५०-१०० व्होल्ट आणि तेही डळमळणारे दिसले तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तेव्हा अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे आणि ते टोक हवेत लटकतंय.

झुळूक
आमच्याकडे कुतूहल म्हणून मोजलं. पूर्ण लोडवर १ व्होल्टही नाही, पाऊणच्या आसपास. वायर लहान आहे म्हणून असेल का?

फेजन्यूट्रल
थोडं त्याने. पण तुमच्याकडे बहुधा मीटरपाशीच न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतील. त्या पद्धतीत खांबापासून मीटरपर्यंतचा न्यूट्रल कितीही ताणला तरी अर्थ त्याच्याबरोबर वर जाते, व्होल्टमीटरला फरक दिसत नाही. सांजवारा यांचा खड्डा स्वतंत्र आहे, म्हणून वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपासूनचा सगळा न्यूट्रल त्यांच्या आकड्यात येणार. दोन घरांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

सांजवारा
मोजमाप झालं. वायरमनला सुरुवातीला पटत नव्हतं, नंतर त्यालाच रस आला.

लीकेज: ३२ वर २.१ मिलिअँपिअर, १६ वर २.१, थांबायच्या आधीही तेवढंच.

न्यूट्रल-अर्थ, दुपारी: गाडी नसताना ०.४ व्होल्ट, ३२ अँपिअर सुरू होताच ८.४, अर्ध्या तासाने ९.४. तिथेच राहिलं, चार्जर थांबला नाही.

संध्याकाळी: गाडी नसताना १.४, सुरू होताच ९.४, पुढे हळूहळू चढत गेलं. १० ओलांडल्यावर थोड्याच वेळात, १०.३ असताना, लाल दिवा. १६ वर संध्याकाळी ५.५ च्या आसपास, जवळपास स्थिर.

फेजन्यूट्रल
सुरेख मोजलंय. लीकेजचा विषय संपला, गाडी सुटली.

तुमचा संध्याकाळचा १ व्होल्ट हा बाहेरच्या न्यूट्रलचा. आसपासच्या घरांत दिवे-पंखे लागले, तीन फेजवरचा भार असमान झाला की तो वाढतो. त्यावर तुमच्या ३२ अँपिअरचे ८ व्होल्ट. त्यातले किती घरातले? ६ चौरस मिमी तांब्याला दर मीटर लांबीला साधारण ३ मिलिओम, म्हणजे ३० मीटरला ०.०९ ओम, गुणिले ३२, जवळपास ३ व्होल्ट. उरलेले ५ जोडांमधले आणि मीटरच्या बाहेरचे.

आता जो १ व्होल्ट अर्ध्या तासात चढतो तो बघा. वायर गरम होऊन रोध थोडा वाढतो खरा, पण ३ व्होल्टवर त्याने फार तर दशांशात फरक पडेल. पूर्ण १ व्होल्ट चढतो तेव्हा एखादा जोड सैल आहे आणि तापतोय असा माझा पक्का संशय आहे. वायरमनला सांगा, मेन स्विच बंद करून डीबीपासून चार्जरपर्यंतचा प्रत्येक न्यूट्रल स्क्रू उघडून बघ. नुसता आवळू नको, उघडून बघ.

बंडूतात्या
आणि दुपारी तोच जोड तापला तरी ९.४ वर अडतो, १० गाठत नाही, म्हणून चालते. असंच ना?

फेजन्यूट्रल
तात्या, बरोब्बर.

सांजवारा
सापडला! चार्जरच्या आधी एक आयसोलेटर आहे, त्याच्या न्यूट्रल टर्मिनलमध्ये. वायरचं इन्सुलेशन बोटभर काळं पडलेलं, प्लास्टिक पिवळं, स्क्रू अर्धा फेरा सहज फिरला. बसवताना तारेचे दोन-तीन पदर टर्मिनलच्या बाहेर राहिले होते, लगही नव्हता. बंद करण्याआधी वायरमनने त्या एकाच टर्मिनलवर, तारेपासून आयसोलेटरच्या पट्टीपर्यंत, व्होल्टेज मोजलं: चालू होताना ०.७, अर्ध्या तासाने १.७.

फेजन्यूट्रल
०.७ चे १.७, म्हणजे तुमचा चढणारा १ व्होल्ट नेमका तिथे. १.७ गुणिले ३२, चोपन्न वॅट. सोल्डरिंग आयर्न डब्यात बंद करून रोज तास तास चालू ठेवल्यासारखं आहे. करंट ठरलेलाच असल्यामुळे एमसीबीला यातलं काही कळत नाही, आरसीसीबीलाही नाही, कारण गळती नाहीच. तुमच्या चार्जरने १० व्होल्टची रेघ आखली नसती तर आयसोलेटर वितळेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

आयसोलेटर बदला, तोच आवळून वापरू नका. तापलेल्या टर्मिनलचा स्प्रिंगपणा गेलेला असतो. वायरचा काळा भाग कापून, लग लावून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने घट्ट करा. फेजचा स्क्रूही बघा, ज्याने एक असा लावला त्याने दुसराही तसाच लावला असेल.

सांजवारा
नवीन आयसोलेटर बसला. फेजचा स्क्रू ठीक होता. काल संध्याकाळी ३२ वर सुरू होताच ८.७, दोन तासांनीही ८.८. गाडी पूर्ण चार्ज.

पण ८.८ म्हणजे १० पासून फार लांब नाही. बाहेर अजून एक-दीड व्होल्ट वाढला की पुन्हा तेच होणार ना? हा बाकीचा कसा कमी करू?

फेजन्यूट्रल
होय, वरची जागा कमी आहे. वायरचे ३ आणि संध्याकाळचा १.४ वजा केले तर चारपेक्षा थोडे जास्त उरतात, म्हणजे मीटरच्या बाहेरच्या न्यूट्रलमध्ये ०.१३ ओमच्या आसपास. लांब सर्व्हिस वायर असेल तर तेवढा असू शकतो. पण खांबावरचा जोड झिजलाय असंही असू शकतं आणि ते तुमचा वायरमन सांगू शकणार नाही. वीज कंपनीकडे न्यूट्रल जोड तपासायची लेखी मागणी करा. तुमची गाडी चार्ज होताना शेजारच्या घरात दिवे मंद-प्रखर होतात का तेही विचारा. होत असतील तर घाई करा, कारण तो न्यूट्रल पूर्ण सुटला तर एका फेजवरच्या घरांना २३० ऐवजी बरंच जास्त व्होल्टेज जाऊ शकतं.

तोवर संध्याकाळी २४ अँपिअर ठेवा.

झुळूक
एक शंका राहून गेली. सांजवारा यांच्या आरसीसीबीचा टाइप कोणता, म्हणजे तो कोणत्या प्रकारची गळती ओळखतो? मी वाचलंय की गाडीसाठी टाइप बी लागतो, टाइप एसी असेल तर तो आंधळा होतो.

फेजन्यूट्रल
टाइप एसी नको हे निर्विवाद. गाडीकडून सपाट डीसी गळती आली तर त्याचा गाभा भरून जातो आणि खरी एसी गळतीही त्याला दिसत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा सेन्सर असेल तर मागे टाइप ए पुरतो, तशी सोय मानकांतच आहे. सेन्सर नसेल तर बी.

झुळूक
माझं मत तरीही बी. सेन्सर बिघडला तर काय?

फेजन्यूट्रल
बऱ्याच चार्जरमध्ये सेन्सर दर वेळी सुरू होण्याआधी स्वतःला तपासतो. तरी महाग उपाय परवडत असेल तर हरकत घेणार नाही.

सांजवारा
माझा टाइप ए आहे, चार्जरच्या माहितीत ६ मिलिअँपिअर डीसीचा उल्लेख आहे. वीज कंपनीला अर्ज दिलाय, अजून कुणी आलं नाही. शेजारी विचारलं, त्यांच्याकडे दिवे किंचित मंद होतात म्हणे, पण फक्त संध्याकाळी.

अर्धाकप
आमच्याकडचं बघितलं. चार्जरच्या लाइनवर आरसीसीबी नाहीये. ते बटण गीझरच्या लाइनवरचं निघालं. तुकडा काढायला वायरमनला उद्या बोलावलंय, तोवर गाडी लावत नाहीये.

केतकीपान
जनरेटरवाल्याला फोन केला. तो म्हणतो न्यूट्रल अर्थला जोडता येईल, पण मग जनरेटरलाही वेगळा आरसीसीबी लावावा लागेल. हे खरंय का?

फेजन्यूट्रल
खरंय. जोड दिला की फेजला हात लागलेल्या माणसातून करंट परत जायला रस्ता मिळतो, तो तोडायला आरसीसीबी हवाच. जोड जनरेटरकडच्या बाजूला आणि आरसीसीबी त्याच्या पुढे, हा क्रम चुकवू नये.